टीव्ही बदलण्याआधी फाइल बघा

शेवगावला मामांच्या घरी 40 इंची टीव्ही आहे, 2015 साली घेतलेला. चित्र अजून स्वच्छ दिसतं. गेल्या लग्नसराईत मामेबहिणीचं लग्न झालं आणि दोन महिन्यांनी शूटिंगवाल्याने पेन ड्राइव्ह दिला. टीव्हीला लावला, तर पडद्यावर काहीच नाही. तालुक्यातल्या दुकानदाराने सांगितलं, टीव्ही जुना झाला, 43 इंची नवा घ्या, 28 हजारांत बसवून देतो. मामांनी मला फोन केला, "काय रे, घेऊन टाकू का?" मी म्हटलं, "थांबा मामा, आधी मला येऊन पेन ड्राइव्ह बघू द्या." शेवटी खर्च आला 350 रुपये, तोही नव्या पेन ड्राइव्हचा.

तुमच्याकडेही असंच काही अडलं असेल, तर खिशात हात घालण्याआधी पुढचं वाचा.

व्हिडिओ सहसा कच्चा साठवत नाहीत, दाबून लहान करतात. दाबण्याची पद्धत म्हणजे कोडेक. ज्या पद्धतीने दाबला, त्याच पद्धतीने उलगडावा लागतो. उलगडण्याचं काम टीव्हीत किंवा फोनमध्ये एका चिपमधला खास भाग करतो आणि त्याला कोणत्या पद्धती कळतात हे कारखान्यातच ठरतं. एच.264 ही पद्धत 2003 सालची. गेल्या पंधरा वर्षांतला जवळपास प्रत्येक टीव्ही आणि स्मार्टफोन ती वाचतो. एचईव्हीसी आणि व्हीपी9 या 2013 च्या, तर एव्ही1 2018 ची. पद्धत जितकी नवी तितकी फाइल लहान, पण उलगडायला चिपही नवी लागते. म्हणून "टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट करून देतो, मग सगळे व्हिडिओ चालतील, पाचशे रुपये" असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका. चिपमध्ये जो भाग नाही, तो अपडेटने येत नाही.

फोनचं थोडं वेगळं आहे. त्याचा मुख्य प्रोसेसर नवी पद्धत सॉफ्टवेअरच्या जोरावर उलगडू शकतो. व्हीएलसीसारखं फुकटचं अ‍ॅप हेच करतं. मात्र फोन तापतो, बॅटरी झपाट्याने उतरते आणि जुन्या फोनवर चित्र अडखळतं. दहा मिनिटांच्या क्लिपला चालेल, तीन तासांच्या लग्नाला नाही.

यूट्यूब चालतं, पेन ड्राइव्ह का नाही?

हा प्रश्न मामांनीही विचारला. त्याच टीव्हीवर यूट्यूबवरचं कीर्तन व्यवस्थित चालत होतं. नवा टीव्ही घ्यायचा की नाही, याचं उत्तर इथेच आहे.

यूट्यूबवर कोणी व्हिडिओ चढवला की त्याची एकच प्रत ठेवत नाहीत. त्याच्या बऱ्याच प्रती तयार होतात: वेगवेगळ्या आकारांच्या, 144 पासून 1080 पर्यंत आणि पुढे 4के, आणि वेगवेगळ्या पद्धतींच्या, म्हणजे एच.264, व्हीपी9 आणि अनेक व्हिडिओंसाठी एव्ही1. तुम्ही बटण दाबता तेव्हा तुमचा टीव्ही काय काय उलगडू शकतो, हे अ‍ॅप आधी तपासून घेतं. जे जमत नाही ते बाजूला पडतं. उरलेल्यातून तुमच्या नेटच्या वेगाला झेपेल ती प्रत निवडली जाते आणि वेग बदलला की मध्येच दुसरी घेतली जाते. सगळ्यात खाली एच.264 ची प्रत कायम असते. जुन्या टीव्हीला तीच मिळते. म्हणून तो चालतो.

या मागे येण्याला एक मर्यादा आहे. यूट्यूबवर एच.264 ची प्रत 1080 पर्यंतच मिळते. त्यावरचं सगळं व्हीपी9 किंवा एव्ही1 मध्ये. म्हणून जुन्या टीव्हीवर क्वालिटीच्या यादीत 1080 च्या वर काही दिसत नाही. तो बिघाड नाही. फुल एचडी टीव्हीच्या पडद्याला तेवढंच पुरतं, त्यासाठी कोणाला पैसे द्यायचं कारण नाही.

तुमच्या टीव्हीला कोणती प्रत येते, हे तुम्ही स्वतः बघू शकता. व्हिडिओ चालू असताना सेटिंगच्या चाकात जा आणि `Stats for nerds` चालू करा. फोनवर हे आधी यूट्यूबच्या सेटिंगमधल्या `General` मध्ये सुरू करावं लागतं. पडद्यावर बारीक अक्षरांत माहिती येते, त्यात `Codecs` शेजारचा शब्द वाचा. `avc1` म्हणजे एच.264, `vp09` म्हणजे व्हीपी9, `av01` म्हणजे एव्ही1. दोन मिनिटांचं काम आहे आणि दुकानदाराशी बोलताना तुमच्या हातात पुरावा राहतो.

जुनी प्रत फुकट मिळते, पण तिचा एक छुपा खर्च आहे: डेटा. तितकंच स्वच्छ चित्र दाखवायला एच.264 ला नव्या पद्धतींपेक्षा जास्त डेटा लागतो. समजा 1080 चं चित्र सेकंदाला साडेचार मेगाबिटने येतंय, तर तासाला 2 जीबी गेले. तुमचा रिचार्ज रोज दीड जीबीचा असेल आणि टीव्ही फोनच्या हॉटस्पॉटवर चालत असेल, तर पाऊण तासात दिवसाचा डेटा संपेल. क्वालिटी 480 वर आणा. सेकंदाला साधारण एक मेगाबिट धरलं, तर तासाला अर्ध्या जीबीच्या आत भागतं. कीर्तनाला आणि बातम्यांना ते पुरेसं आहे.

उलट तक्रारही असते: फोन मध्यम वयाचा, यूट्यूब लावलं की तापतो. `Stats for nerds` मध्ये `av01` दिसत असेल, तर तुमचा फोन एव्ही1 सॉफ्टवेअरने उलगडत असण्याची शक्यता मोठी. एव्ही1 चा खास भाग अगदी अलीकडच्या चिपांमध्येच आला. आयफोनमध्ये तो 2023 च्या 15 प्रोपासून आहे. अशा वेळी क्वालिटी एक पायरी खाली घ्या. बॅटरी बदलायला धावू नका.

आता मामांच्या पेन ड्राइव्हकडे येऊ. पेन ड्राइव्हवर एकच प्रत असते. समोरचा टीव्ही काय वाचतो, हे विचारणारं तिथे कोणी नाही. शूटिंगवाल्याने ज्या पद्धतीने दाबलं, ते तुमच्या टीव्हीला कळलं तर ठीक, नाही तर काळा पडदा.

आधी रोग ओळखा

पडद्यावर काय दिसतंय, यावरून दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं.

पेन ड्राइव्ह लावला आणि टीव्हीला तो दिसतच नाही किंवा रिकामा दिसतो: दोष व्हिडिओचा नसून पेन ड्राइव्हच्या मांडणीचा आहे. जुन्या टीव्हींना फॅट32 मांडणी हमखास वाचता येते, बऱ्याच टीव्हींना एनटीएफएस, पण एक्सफॅट अनेकांना वाचता येत नाही. आणि फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून शूटिंगवाले मोठ्या फाइलींसाठी एक्सफॅट वापरतात.

फाइलचं नाव दिसतं, आवाज येतो, चित्र काळं: व्हिडिओची पद्धत टीव्हीला कळत नाही.

चित्र दिसतं, आवाज नाही: आवाजाची पद्धत वेगळी आहे. सिनेमांच्या फाइलींमध्ये हे जास्त होतं. डीटीएस नावाची आवाजाची पद्धत मोठ्या कंपन्यांच्या काही नव्या टीव्हींनीही काढून टाकली आहे, म्हणजे इथे नवा टीव्ही घेऊनही अडचण सुटेलच असं नाही.

चित्र येतं, पण अडखळतं किंवा हिरवे-जांभळे चौकोन दिसतात: पद्धत कळते, पण फाइल टीव्हीच्या ताकदीपेक्षा जड आहे.

खात्री करायची असेल, तर फाइल संगणकावर घ्या आणि मीडियाइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर लावा. मामांच्या फाइलवर त्याने हे दाखवलं:

```
Format         : HEVC
Format profile : Main 10@L5.1@High
Width          : 3 840 pixels
Bit depth      : 10 bits
```

म्हणजे एचईव्हीसी, 4के, आणि रंग 10 बिटचे. 2015 च्या फुल एचडी टीव्हीला यातलं काहीच झेपणारं नव्हतं. त्यात पेन ड्राइव्ह एक्सफॅट. दोन अडचणी एकावर एक होत्या. नुसता पेन ड्राइव्ह बदलला असता तरी काळा पडदाच दिसला असता.

विंडोजच्या संगणकावर अशी फाइल उघडली की ते कधीकधी एचईव्हीसीसाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायला सांगतं. घेऊ नका. व्हीएलसी फुकट आहे आणि तीच फाइल दाखवतं.

टीव्हीसाठी दुसरी प्रत कशी करायची

यूट्यूब जे आपोआप करतं, ते इथे हाताने करायचं: त्याच व्हिडिओची एच.264 ची, 1080 ची प्रत काढायची. मूळ फाइल तशीच जपून ठेवायची. नवी प्रत ही फक्त टीव्हीसाठी. तिच्यात चित्राचा कस थोडा कमी होतो. पुढे कधी 4के टीव्ही आला, तर मूळ फाइल लागेल.

सोपी वाट हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरची. मूळ फाइल उघडा, `Fast 1080p30` हा प्रीसेट निवडा, `Start Encode` दाबा. प्रत एच.264 ची, एमपी4 मध्ये, आवाज एएसी पद्धतीचा. बहुतेक जुन्या टीव्हींना ती चालते. डाउनलोड फक्त handbrake.fr या पत्त्यावरून करा. त्या नावाने पैसे मागणाऱ्या किंवा भलतंच सॉफ्टवेअर चिकटवणाऱ्या साइटी आहेत.

फाइलचा आकार नेमका हवा असेल, तर एफएफएमपेगची ही आज्ञा तुमच्या शूटिंगवाल्याला किंवा घरातल्या कॉलेजच्या पोराला दाखवा:

```
ffmpeg -i lagna1.mov -vf scale=-2:1080 -r 25 \
 -c:v libx264 -profile:v high -pix_fmt yuv420p \
 -b:v 8M -maxrate 10M -bufsize 16M \
 -c:a aac -b:a 192k -ac 2 lagna1_tv.mp4
```

यातला `yuv420p` महत्त्वाचा. तो 10 बिटचे रंग 8 बिटवर आणतो. तो आणि `-profile:v high` दोन्ही विसरले तर फाइल एच.264 होते, पण रंग 10 बिटचेच राहतात, आणि टीव्ही पुन्हा काळा. एच.264 करून दिलं तरी चालत नाही, असं कोणी सांगितलं तर आधी हेच तपासा. `-r 25` आपल्याकडच्या 25 किंवा 50 फ्रेमच्या शूटिंगला योग्य. आयफोनवर घेतलेलं असेल तर तिथे 30 करा.

हिशेब असा बसला. लग्नाचा व्हिडिओ दोन तासांचा, दोन भागांत. मूळ फाइल सेकंदाला 50 मेगाबिटची, म्हणजे तासाला साडेबावीस जीबी, दोन्ही भाग मिळून 45. नवी प्रत आवाजासकट सेकंदाला सव्वाआठ मेगाबिटच्या आत, म्हणजे तासाला साधारण 3.7 जीबी. प्रत्येक भाग 4 जीबीच्या आत राहिला, म्हणून फॅट32 वर मावला. 32 जीबीचा पेन ड्राइव्ह घेतला. त्याहून मोठा पेन ड्राइव्ह विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत फॅट32 करता येत नाही, म्हणून मोठ्याचा मोह धरू नका. किती वेळ लागला? माझ्या सहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर एका तासाच्या भागाला तीन तास. रात्री लावून ठेवा, चार्जर जोडलेला असू द्या आणि झोपेची सेटिंग बंद करा.

एकच सावधगिरी: आधी फक्त एक मिनिटाचा तुकडा करून टीव्हीवर लावून बघा. एफएफएमपेगच्या आज्ञेत `-i` च्या आधी `-t 60` घातलं की तेवढाच तुकडा निघतो. तो चालला की मग पूर्ण फाइल लावा. रंग फिके, धुरकट दिसले तर मूळ चित्रण एचडीआरमधलं आहे. ते घरी नीट होणं अवघड, शूटिंगवाल्याकडून साधी एसडीआर प्रत मागा.

शूटिंगवाल्याशी बोलताना

हे सगळं करावं लागू नये, असा करार आधीच करा. बयाणा देताना पावतीवर एक ओळ लिहून घ्या: मूळ 4के फाइल, शिवाय एमपी4, एच.264, 8 बिट, 1080, आवाज एएसी अशी टीव्हीची प्रत, प्रत्येक फाइल 4 जीबीच्या आत. शूटिंगवाल्याकडे संपादनाचा प्रकल्प उघडा असतो, तेव्हा ही दुसरी प्रत काढणं म्हणजे संगणक काही तास गुंतवणं, त्यापलीकडे मेहनत नाही. नंतर मागितली की वेगळे पैसे लागतात. मामांना 1500 रुपये सांगितले होते. शेवटचा हप्ता तुमच्याच टीव्हीवर व्हिडिओ चालल्यावर द्या. दुकानातल्या संगणकावर चालून दाखवलं, हे पुरेसं नाही. आणि मूळ फाइली किती महिने ठेवणार, हे विचारा. हार्डडिस्क मोकळी करायला त्या पुसल्या जातात.

लिहून दिलेलं दिलं नाही, तर पावती, पेन ड्राइव्ह आणि बोलण्याचे संदेश जपून ठेवा. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. तिथे मिटलं नाही, तर अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. टीव्ही चांगला असताना बंद पडला म्हणून नवा गळ्यात मारला असेल, तरीही हीच वाट. तेव्हा बिल आणि जुन्या टीव्हीचा मॉडेल क्रमांक सोबत हवा.

घरच्या आयफोनवर काढलेल्या क्लिपांचं वेगळं. 2017 पासून आयफोन मुळातच एचईव्हीसीत शूट करतो. पुण्याहून मुलगा आला, त्याने क्लिप पेन ड्राइव्हवर दिली आणि घरी चालेना, याचं कारण तेच. `Settings`, `Camera`, `Formats` मध्ये `Most Compatible` निवडा, पुढच्या क्लिपा एच.264 मध्ये येतील. जुन्यांसाठी हँडब्रेक. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप मात्र जुन्या फोनवरही चालते, कारण पाठवतानाच व्हॉट्सअ‍ॅप तिची दाबलेली प्रत करतं. तीच क्लिप डॉक्युमेंट म्हणून पाठवली की मूळ फाइल जशीच्या तशी जाते, आणि जुना फोन पुन्हा अडतो. आजीच्या फोनवर पाठवायची तर व्हिडिओ म्हणूनच पाठवा.

फ्री डिशचा जुना बॉक्स

जामखेड, कर्जत, पाथर्डीकडच्या वाड्यावस्त्यांवर डीडी फ्री डिश बघणारी घरं आहेत. तिथली अडचण याच जातीची. फ्री डिशवर काही वाहिन्या जुन्या एमपीईजी-2 पद्धतीने, तर काही एमपीईजी-4 ने येतात. जुना बॉक्स फक्त पहिल्या वाचतो. शेजारच्या घरात जास्त वाहिन्या आणि तुमच्याकडे कमी, तर छत्री हलली असं समजून माणूस बोलावू नका. उपग्रह सगळ्यांना एकच लहर पाठवतो, तो तुमच्या बॉक्ससाठी वेगळी प्रत करत नाही. उपाय एकच: एमपीईजी-4 चा बॉक्स, साधारण हजार ते दीड हजार. तो जुन्या पद्धतीच्या वाहिन्याही दाखवतो, छत्री तीच चालते, महिन्याचं भाडं नाही. "रिचार्ज करावा लागेल" असं सांगून पैसे मागणाऱ्याला परत पाठवा.

मग स्टिक कधी घ्यायची?

टीव्हीवरचं यूट्यूब किंवा दुसरं अ‍ॅप उघडतच नसेल तर. हा कोडेकचा प्रश्न नाही, अ‍ॅपलाच आधार मिळणं बंद झालेलं असतं. 2015 च्या एप्रिलमध्ये यूट्यूबने आपली जुनी यंत्रणा बंद केली, तेव्हा 2012 किंवा त्याआधीच्या अनेक टीव्हींवरचं यूट्यूब असंच गेलं. पडदा चांगला असेल, तर मागे लावायची स्टिक किंवा बॉक्स अडीच ते सहा हजारांत येतो. टीव्हीला एचडीएमआयचं भोक हवं. स्टिकला तिच्यासोबतचा चार्जरच लावा, टीव्हीच्या यूएसबीतून बऱ्याचदा पुरेशी वीज मिळत नाही आणि ती सारखी बंद पडते. ओटीटीचं वर्गणी शुल्क वेगळं, ते दुकानदार सांगत नाही. पेन ड्राइव्हसाठी म्हणून स्टिक घेऊ नका, बऱ्याच स्टिकला पेन ड्राइव्ह लावायची जागाच नसते.

अगदी स्वस्त, नाव नसलेला अँड्रॉइड बॉक्स घेताना विचारा: वाइडव्हाइन एल1 आहे का? हे चोरी रोखणारं कुलूप आहे. एल3 असेल, तर नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅपं पैसे घेऊनही तुम्हाला 480 चंच चित्र देतात, मग बॉक्सवर 4के कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असो. दुकानातच फुकटचं `DRM Info` अ‍ॅप टाकून `Security Level` समोर `L1` दिसतं का ते बघा, तेही पैसे देण्याआधी.

मामांच्या टीव्हीवर आता लग्न चालतं. मूळ फाइली मी दोन ठिकाणी ठेवल्या आहेत, एक त्यांच्या कपाटात, एक माझ्याकडे.